नजर जराशी इकडे

फोटो पडद्यावर पूर्ण उघडा आणि अजून कशालाही हात लावू नका. सत्तरीतल्या एक बाई खिडकीशी बसल्या आहेत. उजेड आपल्या डावीकडून येतो आहे आणि चेहरा किंचित त्या बाजूला वळला आहे. ओठांवर नुकतंच उमटू लागलेलं हसू आहे. सगळं जुळून आलं आहे, फक्त त्या आपल्याकडे पाहत नाहीत. नजर आपल्या उजव्या खांद्यावरून, कॅमेऱ्याला चुकवून पलीकडे जाते.

कारण साधं आहे. फोटो काढणारा तिवईच्या शेजारी उभा राहून त्यांच्याशी गप्पा मारत होता. बोलताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो, काचेकडे नाही. बाई दोन मीटरवर होत्या आणि त्याचं तोंड लेन्सपासून वीतभरापेक्षा थोडं कमी, साधारण सतरा सेंटिमीटर बाजूला होतं. नजर पाच अंशांनी ढळायला एवढं पुरतं.

आता थांबून स्वतःला विचारा, ही नजर ढळली आहे की गेली आहे? दूर कुठेतरी पाहणाऱ्या माणसाची मान आणि ध्यान दोन्ही तिकडे असतात. तशा फोटोला हात लावू नये, कारण ते पाहणंच त्याचा विषय असतं. इथे मान जवळजवळ आपल्याकडे आहे, हसू आपल्यासाठी आहे आणि डोळे तेवढे निसटले आहेत. शंका असेल तर ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारा. बातमीचा फोटो असेल तर विचारण्याचाही प्रश्न नाही, त्यात नजर हलवायची नसते.

त्यांचा होकार आहे असं धरून आता एकाच डोळ्याजवळ जा. बुबुळाचा रंगीत गोल माणसागणिक फारसा बदलत नाही, मोठ्या माणसात तो जेमतेम बारा मिलिमीटरचा असतो. या फोटोत तो 120 पिक्सेल रुंद भरतो, म्हणजे एका मिलिमीटरला दहा पिक्सेल. डोळा स्वतःच्या केंद्राभोवती फिरतो आणि बाहुली त्या केंद्रापासून साधारण दहा मिलिमीटर पुढे असते. त्यामुळे एक अंश वळलं की ती पावणेदोन पिक्सेल सरकते आणि पाच अंशांना जवळपास नऊ. सगळं अंतर एवढंच आहे. नजरेतला आडवा फरक पाहणाऱ्याला एखाद्या अंशाचाही कळतो, म्हणून इथे दोन पिक्सेलची चूकही दिसते. माउसने ओढू नका, बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल सरकवा.

सरकवण्याआधी त्या काळ्याभोर गोलातल्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघा. ती खिडकी आहे. थोडा वेळ तिथेच राहा, कारण नजर वळवण्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा याच ठिपक्यावर. हात सहज बुबुळ निवडतो आणि चमकेसकट उचलून नऊ पिक्सेल डावीकडे ठेवतो. पण चमक बुबुळाची नाही. ती बुबुळावरच्या पारदर्शक फुगीर पटलात पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब आहे, आणि खिडकी जागची हललेली नाही. मग चमक अजिबात हलू नये का? हलते, पण कमी. त्या पटलाचा बाक डोळ्याच्या गोळ्यापेक्षा लहान त्रिज्येचा असतो आणि त्या बाकाचं केंद्र डोळा ज्याभोवती फिरतो त्या केंद्राच्या पुढे असतं. म्हणून डोळा वळला की प्रतिबिंब बाहुलीच्या साधारण निम्मंच सरकतं. नजर कुठे आहे हे मोजणारी यंत्रंही बाहुली आणि चमक यांच्यातल्या याच फरकावर चालतात.

म्हणजे बुबुळ नऊ पिक्सेल डावीकडे, चमक पाच. बुबुळाच्या आत पाहिलं तर चमक चार पिक्सेल उजवीकडे गेलेली दिसेल आणि ते बरोबर आहे. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत तर याला फार महत्त्व आहे. तिथे बाहुली बुबुळातच मिसळून जाते, वेगळी दिसत नाही. मग त्या गोलात चमक कुठे बसली आहे त्यावरूनही आपण नजर वाचतो. चमक बुबुळासोबत पूर्ण गेली तर नजर अर्धवट वळल्यासारखी राहते आणि डोळे काचेचे भासतात. म्हणून आधी चमक वेगळ्या लेयरवर उचलून ठेवा, तिच्या खालची जागा आजूबाजूच्या तपकिरीने भरून घ्या आणि मगच बुबुळ हलवा.

बुबुळ कापताना कड धारदार ठेवू नका. ते पांढऱ्यात विरत जातं, तेव्हा निवडीला दोन-तीन पिक्सेलचा फेदर द्या. डोळ्याच्या उघड्या भागाचा मास्क करा, म्हणजे बुबुळ पापणीच्या खालून सरकेल आणि पापणी, केस, वरच्या पापणीची सावली जागच्या जागी राहतील. उजवीकडे नऊ पिक्सेलची एक चंद्रकोर उघडी पडेल. ती शेजारच्या भागातूनच क्लोन करून भरा. तो भाग पांढरा म्हणतात, पण असतो राखाडी-गुलाबी, कोपऱ्याकडे काळवंडत जाणारा. शुभ्र रंग भरलात तर तेवढीच कड उजळून ओरडेल.

दुसऱ्या डोळ्यालाही हेच करा, त्याच दिशेने आणि तेवढंच. एक डोळा कमी-जास्त हलला तर बाई तिरळ्या दिसतील. आणि एक मोह टाळा: बुबुळाच्या दोन्ही बाजूंचा पांढरा भाग सारखा करण्याचा. चेहरा डावीकडे वळला आहे, तेव्हा आपल्याकडे पाहण्यासाठी त्यांचे डोळे खोबणीत थोडे उजवीकडेच असले पाहिजेत. बुबुळं मधोमध आणलीत की त्या खिडकीकडे पाहू लागतील. विल्यम वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच चित्रांनी दाखवलं होतं: काढलेले डोळे तेच ठेवून खालचं नाक आणि चेहरा बदलला, तर नजरेची दिशा बदललेली वाटते. म्हणून मोठं करून पाहिलेल्या डोळ्यावर निकाल देऊ नका. पूर्ण चेहरा पाहा.

आता फोटो लहान करा, हातात धरलेल्या छापील प्रतीएवढा. नवा लेयर बंद करा, चालू करा. मग फोटो आडवा उलटवून, आरशातल्यासारखा पाहा. सवयीने झाकलेली चूक तिथे उघडी पडते. माझा कल हिशेबापेक्षा एखादा पिक्सेल कमी सरकवण्याकडे असतो. ओलांडून पलीकडे गेलेली नजर ढळलेल्या नजरेपेक्षा जास्त खटकते.

हे सगळं आडव्या, छोट्या ढळण्यापुरतं आहे. बाई खाली पाहत असत्या तर वरची पापणीही बुबुळाबरोबर उतरली असती. मग बुबुळ वर नेऊन काही साधत नाही, पापणीही उचलावी लागते, आणि तिच्याबरोबर तिच्यावरच्या घड्या, सावली, सगळंच. फार खाली नसेल तर सोडून द्या. लेन्सच्या किंचित खाली असलेली नजर आपल्याला बरीचशी आपल्यावरच वाटते, बाजूला गेलेली वाटत नाही. आणि बुबुळ कोपऱ्याला टेकलं असेल तर ते अर्धं झाकलेलं आणि तिरकं, लंबगोल दिसत असतं. त्यातून पूर्ण गोल कुठून आणणार? तेव्हा त्याच बैठकीतल्या पुढच्या-मागच्या फोटोंमध्ये त्यांनी एकदा तरी लेन्सकडे पाहिलं असेल तो शोधा, आणि उजेड व मानेचा कोन जुळत असेल तर त्यातले डोळे पापण्यांसकट इथे आणा.