भिंतीवरचा क्रम

बैठक संपते, कोणीतरी मोबाइल काढून भिंतीवरच्या सगळ्या स्टिकी नोट्सचा एकच फोटो घेतो आणि चिठ्ठ्या काढून टाकल्या जातात. पुढे आठवड्याभराने अहवाल लिहिणाऱ्याच्या हाती फक्त तो फोटो असतो. अक्षर बऱ्यापैकी लागतं. खरी अडचण असते ती कोणती चिठ्ठी आधी आणि कोणती नंतर, ही. भिंतीला दोन दिशा असतात, लिहिलेल्या मजकुराला एकच. दोनाची एक करताना काय टिकवायचं आणि काय सोडायचं, याबद्दलची समज गेल्या काही दशकांत हळूहळू बदलत आली. तो बदल एका लहानशा भिंतीवर तपासून पाहता येतो.

समजा, एका गावात पाण्याच्या नियोजनाची बैठक शाळेच्या वर्गात झाली. फोटोत डावीकडे वर गुलाबी चिठ्ठी आहे, ‘उन्हाळा’. तिच्याखाली एकाखाली एक तीन पिवळ्या: ‘टँकर आठवड्यातून एकदाच’, ‘तोही भरदुपारी’, ‘बाया कामावर असतात’. उजवीकडे थोडं अंतर सोडून दुसरी गुलाबी चिठ्ठी, ‘शाळा’, आणि तिच्याखाली ‘टाकीला झाकण नाही’, ‘मुलं घरून बाटली आणतात’, ‘हे आधी करा’. दोन्ही गटांच्या मधोमध एकटीच एक चिठ्ठी आहे: ‘पैसे कुठून?’

सर्वांत जुनी आणि सहज सुचणारी रीत म्हणजे पानावरच्या ओळींसारखं वाचणं, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. संगणकाला हे शिकवणं सोपं आहे. प्रत्येक चिठ्ठीचा मध्यबिंदू काढायचा, आधी उंचीप्रमाणे लावायचं, उंची सारखी असेल तर डाव्या बाजूप्रमाणे. हाताने लावलेल्या दोन चिठ्ठ्या नेमक्या एका उंचीवर कधीच नसतात, म्हणून साधारण अर्ध्या चिठ्ठीइतका फरक चालवून घ्यावा लागतो. तेवढी सूट दिली तरी फोटो वाकडा असला की रांगा कोसळतात. पाच अंशांनी तिरक्या आलेल्या फोटोत तीन मीटर लांबीच्या भिंतीची दोन टोकं एकमेकांपासून सुमारे २६ सेंटिमीटर वर-खाली जातात. नेहमीची चौकोनी चिठ्ठी ७६ मिलिमीटरची असते. म्हणजे डाव्या टोकाची पहिली रांग उजव्या टोकाला चौथ्या रांगेच्या आसपास पोचते. म्हणून क्रमाचा विचार करण्याआधी फोटो सरळ करून घ्यायचा. त्यासाठी चिठ्ठीच उपयोगी पडते, कारण ती चौरस आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं; फोटोत तिचे कोन किती मोडले आहेत त्यावरून कॅमेरा किती कलला होता ते काढता येतं. मात्र हे एका चिठ्ठीवरून करू नये, कारण लोक चिठ्ठ्याही तिरक्या लावतात. फळ्याची कड किंवा बऱ्याच चिठ्ठ्यांची सरासरी अधिक भरवशाची.

फोटो सरळ झाला. आता ओळींच्या रीतीने आपली भिंत वाचली आणि मधली चिठ्ठी क्षणभर बाजूला ठेवली, तर असा मजकूर निघतो: उन्हाळा, शाळा, टँकर आठवड्यातून एकदाच, टाकीला झाकण नाही, तोही भरदुपारी, मुलं घरून बाटली आणतात, बाया कामावर असतात, हे आधी करा. यात दोन जातींच्या चुका आहेत. ‘टाकीला झाकण नाही’नंतर ‘तोही भरदुपारी’ आलं की वाचणारा अडखळतो, कारण ‘तो’ कोण ते लागत नाही. ही चूक स्वतःच ओरडून सांगते. शेवटची जोडी मात्र गप्प राहते. ‘बाया कामावर असतात, हे आधी करा’ हे वाक्य अगदी सुरळीत वाचलं जातं. गावाने शाळेच्या पाण्याला प्राधान्य दिलं होतं, अहवालात ते टँकरच्या वेळेला मिळालं. एकाही अक्षरात चूक नाही आणि निर्णय बदलला. माझ्या मते क्रम तपासण्याची पहिली कसोटी इथेच आहे: ‘हे’, ‘तेच’, ‘तोही’, ‘पण’, ‘म्हणून’ अशा शब्दांच्या चिठ्ठ्या आधी शोधायच्या आणि त्या कोणाच्या आधाराने उभ्या आहेत ते पाहायचं. मजकूर गुळगुळीत वाचला गेला, एवढ्यावर समाधान मानू नये.

छापील पानांच्या बाबतीत हा धडा संगणकशास्त्राला स्तंभांनी शिकवला. दोन स्तंभांचं पान ओळीने वाचलं की अशीच सरमिसळ होते. १९८४ मध्ये जॉर्ज नेगी आणि शरद सेठ यांनी पान कापण्याची रीत मांडली; पुढे ती ‘एक्स-वाय कट’ म्हणून ओळखली गेली. पानावर आरपार जाणारी कोरी पट्टी शोधायची, तिथे पान दोन भागांत तोडायचं, मग प्रत्येक भागात आडवी किंवा उभी पट्टी पुन्हा शोधायची. विचार मोठा होता, कारण आता मजकुराइतकंच कोऱ्या जागेलाही महत्त्व आलं. आपल्या भिंतीवर उन्हाळा आणि शाळा यांच्यामधून उभा काप गेला की दोन्ही गट अखंड वाचले जातात. पण कापाची अट आहे की पट्टी आरपार मोकळी हवी. ‘पैसे कुठून?’ ही चिठ्ठी नेमकी त्या पट्टीत आहे. ती दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्यांवर थोडी सरकलेली असेल तर उभी वाट बंद होते, आणि चिठ्ठ्यांच्या उंची मागेपुढे असल्यामुळे आडवी वाटही मिळत नाही. पान जुळवणारा स्तंभांमध्ये जागा ठरवून सोडतो. भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसांनी तसं काही ठरवलेलं नसतं.

मग जवळिकीचा आधार घेतला गेला. लॉरेन्स ओ’गॉर्मन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या ‘डॉकस्ट्रम’ पद्धतीत पानावरचा प्रत्येक तुकडा आपले सर्वांत जवळचे शेजारी शोधतो आणि त्या अंतरांवरून व कोनांवरून ओळी आणि परिच्छेद उभे राहतात. भिंतीला हे अधिक मानवतं. चिठ्ठीचा गोंद मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, ती उचलून दुसरीकडे लावता यावी म्हणून. त्यामुळे ती जिथे राहिली ती जागा बहुधा कोणीतरी विचारपूर्वक दिलेली असते. दोन चिठ्ठ्यांच्या कडांमधलं अंतर अर्ध्या चिठ्ठीपेक्षा कमी असेल तर त्या एका गटातल्या, असा नियम धरून सुरुवात करता येते. पण इथेही मधली चिठ्ठी आडवी येते. तिचं डावीकडचं अंतर कमी आणि उजवीकडचंही कमी, म्हणून उन्हाळा आणि शाळा तिच्यामार्फत एकाच गटात ओढले जातात. रंगाचा आधार घ्यावा असं वाटतं, पण रंग विषयाचा होता की माणसाचा, की पिवळ्या संपल्या म्हणून हिरव्या घेतल्या, हे बैठकीला असलेल्या कोणाला तरी विचारल्याशिवाय रंगावर मी काहीही बेतणार नाही.

पुढचं वळण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. थॉमस ब्रॉयल यांनी २००३ च्या सुमारास प्रश्न वेगळ्या तऱ्हेने घातला. सगळ्या पानाचा क्रम एकदम लावू नका. फक्त दोन-दोन तुकड्यांकडे पाहा आणि कोणता निश्चित आधी आहे ते सांगा. एकाच स्तंभात वर असलेला खालच्याच्या आधी. पूर्ण डावीकडचा उजवीकडच्याच्या आधी, पण दोघांच्या मध्ये दोघांनाही व्यापणारा तिसरा तुकडा नसेल तरच. अशा जोड्यांमधून कोणतीही जोडी न मोडणारी एक रांग मग काढायची. शेवटी रांगच हाती येते, पण विचार करताना एक गोष्ट उघड होते: काही जोड्यांचा क्रम पक्का असतो, काहींचा नसतो. न मोडणाऱ्या रांगा अनेक असू शकतात आणि आपण त्यातली एक निवडलेली असते.

२०१३ मध्ये सॅलफर्ड विद्यापीठाच्या क्लाउसनर, प्लेटशाखर आणि अँटोनाकोपुलोस यांनी हे स्पष्टपणे नोंदवण्याची सोय पुढे आणली. वर्तमानपत्राचं पान घ्या. एका बातमीतल्या परिच्छेदांचा क्रम कडक असतो. पण शेजारच्या दोन बातम्यांपैकी कोणती आधी वाचायची याला बरोबर-चूक असं काही नसतं. म्हणून त्यांच्या नोंदीत दोन प्रकारचे गट असतात, क्रम असलेले आणि क्रम नसलेले, आणि एकाच्या पोटात दुसरा ठेवता येतो. जिथे क्रम मुळातच नव्हता तिथे उलटसुलट वाचल्याबद्दल संगणकाचे गुण कापायचे नाहीत, हेही त्यातून आलं.

हीच वाट माणसाच्या हातांनी त्याआधी बरीच चालली होती. नेपाळमध्ये क्षेत्रकार्य करणारे जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी टिपणांच्या कार्डांपासून एक पद्धत घडवली आणि १९६७ च्या पुस्तकात ती लोकांपुढे ठेवली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती केजे पद्धत म्हणून ओळखली जाते. कार्डं पसरायची, ठरलेल्या खान्यांत न कोंबता आपसूक जवळ येतील तशी गटांत ठेवायची, प्रत्येक गटाला नाव द्यायचं. एकटं पडलेलं कार्ड बळंच कुठे घालायचं नाही. मग गटांची जागेवरची मांडणी करून आकृती काढायची, आणि त्यानंतर ती आकृती सलग गद्यात लिहायची. हे लिहिणं त्यांनी स्वतंत्र पायरी म्हणून ठेवलं, कारण आकृतीत दोन गट शेजारी असले की काम भागतं, वाक्यात मात्र ते कशाने जोडले आहेत ते सांगावंच लागतं. सांगता आलं नाही तर आकृतीतली फट तिथे दिसते.

या सगळ्यातून आपल्या भिंतीसाठी एक रीत ठरते. ‘शाळा’ हा गट घ्यायचा: शीर्षक, टाकीला झाकण नाही, मुलं घरून बाटली आणतात, हे आधी करा. ‘उन्हाळा’ हा दुसरा: शीर्षक, टँकर, तोही भरदुपारी, बाया कामावर असतात. प्रत्येक गटाच्या आत क्रम पक्का, कारण चिठ्ठ्या एकमेकींवर टेकलेल्या आहेत. दोन गटांमध्ये क्रम नाही. लिहिताना एकाला आधी घ्यावंच लागेल, आणि मी शाळेला घेईन, कारण ‘हे आधी करा’ तिथे आहे. पण हा क्रम लिहिणाऱ्याने निवडला, भिंतीवर तो नव्हता, असं अहवालात एका ओळीत नोंदवलं पाहिजे. ‘पैसे कुठून?’ शेवटी, स्वतंत्र, ‘दोन्ही गटांच्या मध्ये लावलेली’ या टिपेसह. तिला कोणत्याही एका गटाच्या शेपटाला लावलं तर दुसऱ्या कामाचे पैसे ठरलेले आहेत असा अर्थ निघतो.

ही नोंद ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी अधिकच गरजेची आहे. स्क्रीन रीडरवर अहवाल ऐकणाऱ्या सदस्याला भिंतीची मांडणी कधीच भेटत नाही, फक्त आपली रांग भेटते. वेबसाठीच्या सुलभतेच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हेच कलम आहे: क्रमाने अर्थ बदलत असेल तर योग्य क्रम यंत्रालाही कळला पाहिजे. जिथे अर्थ बदलत नाही तिथे ते कलम क्रम लादत नाही, आणि ते योग्यच आहे.

फोटोतून न निघणारी गोष्ट म्हणजे वेळ. एक चिठ्ठी दुसरीच्या कडेवर चढलेली असेल तर ती नंतर लागली एवढंच कळतं. ‘हे आधी करा’ ही चिठ्ठी आधी कुठे होती, कोणी हलवली, हे शेवटच्या फोटोत नसतं. त्यासाठी बैठक चालू असतानाच, गट बदलतील तसे तीन-चार फोटो त्याच जागेवरून काढून ठेवावे लागतात, आणि निघण्याआधी भिंतीपाशी उभं राहून एकाने मजकूर मोठ्याने वाचावा लागतो. ‘हे’ म्हणजे काय, हे सांगायला चिठ्ठी लिहिणारी बाई तेव्हा तिथेच असते.