मनातले फासे

सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड Ganpati@123 होता याचं आश्चर्य कुणालाच वाटलं नसेल. मला राग आला तो नंतरच्या सुधारणेचा. आता म्हणे सचिवांनी चार शब्दांचा लांबलचक पासवर्ड ठेवलाय: आंबा, पाऊस, कोकण, आई. "मनातून सुचले तसे घेतले, एकदम रँडम!"

मनातून! मराठी माणसाच्या मनात मे महिन्यात आंबा येतो, जूनमध्ये पाऊस येतो आणि कोकण बारा महिने येतं, विशेषतः पुण्यात राहणाऱ्यांच्या. चौथा शब्द आई नसता तर चहा असता. आपल्याला वाटतं, शब्द आपण निवडले. खरं तर ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पावसाळी कवींनी आधीच निवडून ठेवलेले असतात, आणि पासवर्ड फोडणारा नेमके तेच आधी लावून बघतो.

शब्द निवडायचं काम आपल्याकडून काढून घ्यायचं, ही युक्ती आर्नल्ड राइनहोल्ड यांनी 1995 मध्ये 'डाइसवेअर' या नावाने मांडली. यादीत 7776 शब्द असतात. फासा पाच वेळा टाकायचा, पडलेला पाच आकडी क्रमांक यादीत शोधायचा, की एक शब्द मिळाला. फासा लुडोच्या डब्यातला चालतो. समजा, फोडणारं यंत्र सेकंदाला एक लाख कोटी अंदाज करतं. असे चार शब्द तासाभरात संपतात. सहा शब्दांच्या सगळ्या शक्यता तपासायला त्याच यंत्राला सुमारे सात हजार वर्षं लागतात. म्हणून सहा.

समजा पडलं: तबला, गोणपाट, हप्ता, सुई, वकील, दही. इथेच हात शिवशिवतात. गोणपाटाऐवजी तबल्याशेजारी पेटी बरी दिसेल, दह्याच्या जागी साखर गोड वाटेल. नको. क्रमही हलवायचा नाही. सहाही शब्द वर्णानुक्रमे लावले, तर फोडणाऱ्याचं काम 720 पटींनी हलकं होतं. शब्द फारच आखूड पडले आणि सगळे मिळून जेमतेम पंधरा अक्षरं भरली, तर पुन्हा सगळे फासे टाका. रोमन लिपीत लिहिताना dahi की dahee, हे पहिल्याच दिवशी ठरवा, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडा.

"लक्षात कसं राहणार?" तबला गोणपाटात भरून हप्त्याने सुई घेणारा वकील दही शिवतो, अशी काहीतरी वेडगळ गोष्ट रचा. फक्त शब्द पडल्यानंतर. आधी गोष्ट सुचली, तर पुन्हा कोकणच येणार.

स्वतःच्या फोटोंसाठी कुणी आंबा-पाऊस ठेवला, तर माझं काही म्हणणं नाही. पण त्या ईमेलमध्ये सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती आहेत. सचिवांना फासे टाकायचा कंटाळा असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत टाकायला लावा. तिथे तसंही दुसरं काही होत नाही. फक्त पडलेले शब्द इतिवृत्तात लिहू देऊ नका.