आधी संस्थेचे प्रयोजन

राहात्यातील पेरूबागाईतदारांच्या एका बैठकीत बाहेरगावच्या खरेदीदार कंपनीचा प्रतिनिधी, आपले नावगाव सांगण्यापूर्वी, कंपनीच्या ध्येयाविषयी बराच वेळ बोलला. उत्कृष्टता, विश्वास, समृद्धी हे शब्द येऊन गेले, आणि तो थांबताच पहिला प्रश्न आला, "पण तुम्ही माल घेता कसा?" श्रोत्याला असा प्रश्न विचारावा लागला म्हणजे प्रास्ताविक व्यर्थ गेले, हे मी निश्चित समजतो.

यावरून माझ्या एका व्यापारी स्नेह्यांचा निष्कर्ष असा की, सभ्य माणसाने आधी आपले नाव व हुद्दा सांगावा. लोक माणसाला ओळखतात, ध्येयाला नव्हे. दाखला म्हणून त्यांनी लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील पुढे केले. मीही प्रथम त्यांच्याच पक्षाचा होतो. परंतु हा दाखला त्यांच्या बाजूने तितकासा उभा राहत नाही. विखे पाटील पंचक्रोशीत परिचित होते, म्हणून त्यांना नावाची प्रस्तावना लागली नसेल. तथापि खाजगी साखर कारखाने चालू असलेल्या याच मुलखात, ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक होईल ही कल्पना नवी होती, आणि शेअरची रक्कम मागताना ती स्पष्ट करणे अपरिहार्यच होते. 1950 च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या त्या अर्थशास्त्रज्ञाचा अधिकारही बागाईतदाराला त्या प्रयोजनामुळेच उमगणार होता. परिचित माणसाने स्वतःपासून आरंभ करावा, अपरिचिताने संस्थेपासून, असे मला आता वाटू लागले आहे.

मात्र ध्येय आणि स्तुती यांत मी भेद करतो: ज्या वाक्यावरून उद्या जाब विचारता येईल ते ध्येय, बाकीची स्तुती. पेरू हे नाजूक फळ. गडद हिरवा रंग फिकट होऊ लागला की तोडतात, आणि साध्या हवेत ते थोडेच दिवस टिकते. म्हणून बागाईतदाराचे कान एकाच गोष्टीकडे लागलेले असतात: वाटेत माल नासला तर तोशीस कोणाला? तेव्हा त्या प्रतिनिधीने म्हणावयास हवे होते, "आमची कंपनी बागेतच प्रतवारी करून, तोडलेला पेरू त्याच दिवशी उचलते, वजन झाल्यावरची नासाडी आमची." एवढ्याने अर्धे मिनिटही जात नाही. ध्येयाच्या वाक्यात दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे नाव घालून ते तसेच खरे राहिले, तर ते काढून टाकावे.

यानंतर नाव येते तेव्हा त्यास वजन येते, कारण त्या वचनातील किती भाग या माणसाच्या हाती आहे हे कळते. "मी खरेदी पाहतो, प्रत मी ठरवितो, दर मुख्य कचेरीतून येतो" असे त्याने तिथेच सांगितले, तर दरासंबंधीची घासाघीस त्याच्याशी करण्यात कोणाचाही वेळ जाणार नाही.