दोन तासांचा पहारा

भीमेकाठच्या आमच्या गावात माघात अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि दर दोन तासांनी पहारा बदलतो. देवळाच्या भिंतीवर फळा लावलेला असतो, त्यावर पहारेकऱ्यांची नावं. रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असतो. तो कैक वर्षं आमच्या एका शिंप्याचा होता. सरळ मनाचा माणूस. दिवसभर मशीन चालवायचा आणि रात्री वीणा धरायचा. मी पखवाजावर असतो, म्हणून त्याच्या चालीचा ठहराव मला ठाऊक आहे.

त्याच्या आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला एक शब्द, ‘बाळा’. पाणी हवं असलं तरी बाळा, कूस बदलायची असली तरी बाळा, माशी बसली तरी बाळा. अशा आजारात काहींच्या तोंडी असा एखादाच शब्द उरतो. माणसाला बरंच कळत असतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. बायको आधीच वारलेली, मुलगी सासरी. घरात ही दोघंच.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी त्याला शिकवून पाठवलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. अगदी आडवं पाडायचं नाही. पाठीला उशी लावून तिरकं ठेवायचं, गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटरीखाली अशी की टाच गादीला टेकू नये. कूस बदलताना माकडहाड, खुबा, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर बरं. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात समजायची आणि त्या अंगावर झोपवायचं नाही. ओढत सरकवायचं तर मुळीच नाही, चादरीसकट उचलायचं.

भरवण्याचं काम त्याहून नाजूक. नीट बसवायचं, हनुवटी जराशी खाली, अर्धा चमचा, तोही चांगल्या म्हणजे डाव्या गालाकडून. मग गळ्याकडे बघत थांबायचं. घाटी वर जाऊन खाली आली की घोट उतरला. लुळ्या गालात घास साठून राहतो, तो बोटानं पाहायचा. अशा रोग्याला पातळ पाणी दाट पेजेपेक्षा अवघड जातं. ते घशात आवरत नाही, श्वासनळीकडे घसरतं. वाटीभर पेजेला पाऊण तास लागायचा, आणि पोट भरल्यावरही अर्धा तास बसवून ठेवायचं.

हे सगळं तो करत होता. पण एका एकादशीला भजनाची वेळ झाली आणि त्यानं चमचे भराभर दिले. आईला ठसका लागला. नंतर तिचा आवाज ओलसर, घोगरा येऊ लागला. पहाटे ताप भरला. घास फुप्फुसात गेला होता. दवाखान्यात न्यावं लागलं, त्यातून ती कशीबशी निघाली. परत आल्यावर त्यानं आमच्या बुवांना सांगितलं, “बुवा, मला एक अभंग लिहायचाय. आईसाठी.”

बुवा म्हणजे आमच्या मंडळाचे म्होरके. शाळा चौथी, पण हजारभर अभंग पाठ. ते म्हणाले, “लिही की. मोठा अभंग घे. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. अक्षरं मोजायची, मात्रा नव्हं. जोडाक्षर एकच धरायचं.”

चार दिवसांनी त्यानं वही आणली.

माझ्या माउलीला । देई गा आराम ।
तुझे घेतो नाम । पांडुरंगा ॥

मला तर बरा वाटला. बुवांनी बोटांवर अक्षरं मोजली. “मोजणी बरोबर हाय. पण बाबा, हा सौदा झाला. नाम घे, आराम दे. आणि शेवटाला चार अक्षरांची जागा मोकळी दिसली की नवखा माणूस तिथं पांडुरंगा टाकतो. मीबी टाकायचो. ती जागा भरायला नसती, थांबायला असती. गाणाऱ्याचा श्वास तिथं पडतो. तिथं असं काही ठेव की ज्यावर थांबणं भाग पडंल.”

बुवांचं हे बोलणं मला आजही अभंगरचनेवरच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा मोलाचं वाटतं. पण शिंप्याच्या मनात तेव्हा छंद नव्हता. त्यानं विचारलं, “मग पुंडलिकाचं घालू का?”

“घाल, पण त्यानं काय मागितलं ते सांग आधी.”

त्यानं बराच विचार केला. पुंडलिकानं स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. आईबापांच्या पायाशी होता, म्हणून देवाला वीट दिली आणि थांब म्हणाला. कथेत देव थांबला, हे सगळे सांगतात. पण पुंडलिक रात्री कितीदा उठायचा, ते कुठल्या कीर्तनात येत नाही. बुवा म्हणाले, “त्याचं नाव घेतलं की आपलं काम झाकून जातं. तू तुझं लिही.”

मध्ये महिना गेला. आई बरी होईल ही आशा हळूहळू ओसरत होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं, पुढे वेग मंदावतो. हाताची हालचाल आली नव्हती. एका रात्री तिनं इतक्या वेळा ‘बाळा’ म्हटलं की तो तिच्या अंगावर ओरडला. ती रडली, आणि लगेच पुन्हा ‘बाळा’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीचं नवं पान बुवांपुढे धरलं.

सोडवी विठ्ठला । थकली ही काया ।
नको आता माया । धाव वेगी ॥

बुवांनी दोनदा वाचलं. “कुणाची काया?”

“आईची.”

“व्हय?”

तो गप्प बसला. मीही पखवाजाची वादी उगाच ओढत राहिलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, “माझी, बुवा. माझीच थकलीय. आईचं नाव पुढं केलं.”

मला वाटलं, बुवा आता त्याला झापतील. ते म्हणाले, “थकलास हे खोटं न्हाई, आणि थकणं पापबी न्हाई. पण सुटका मागितलीस तर दिवसभर तिच्याच वाटंकडं डोळं लागत्यात. मग चमचा भराभर जातो. त्या एकादशीला काय झालं?”

बोलणं कडू होतं, पण त्यात औषध होतं. त्या घरात सुटकेची घाई हाच मोठा धोका होता. आई बरी होणं शिंप्याच्या हातात नव्हतं. अर्धा चमचा देऊन घाटी हलेपर्यंत थांबणं तेवढं त्याच्या हातात होतं, आणि ते चुकलं की फुप्फुसावर जात होतं. तिथं धीर हीच शुश्रूषा होती.

“मग धीर मागू? पण किती? ही आठ वर्षंही जगेल, बुवा. एवढा धीर कुठून आणू?”

“सप्त्यात वीणा किती वेळ धरतोस?”

“दोन तास.”

“सात दिवसांची धरतोस का?”

त्यावर आणखी काही बोलणं झालं नाही. तो घरी गेला, कारण कूस बदलायची वेळ झाली होती.

अभंग पुरा व्हायला बरेच दिवस लागले. कडवी त्यानं कामातच जुळवली, कागदावर नंतर उतरवली. पहिलं कडवं कूस बदलताना, दुसरं भरवताना. ‘धीर फक्त देई’ असं आधी होतं. ‘फक्त’ गाताना जिभेला टोचतं म्हणून बुवांनी ‘मज’ केलं. तेवढाच त्यांचा हात.

पुढल्या कुशीचा । धीर मज देई ।
नको हाता घाई । एवढेच ॥

घोट उतरेना । चमचा थांबू दे ।
जीव न त्रासू दे । तोवरी गा ॥

तीच हाक पुन्हा । तीच ओ मी द्यावी ।
नवी ती वाटावी । दरवेळी ॥

शिंपी म्हणे देवा । होवो न वा बरी ।
मी असावा घरी । जागेपणी ॥

‘तोवरी गा’ या चार अक्षरांवर गाताना खरंच थांबावं लागतं, पुढचं कडवं लगेच उचलता येत नाही. मी ठेका धरून पाहिला आहे. चौथ्या कडव्यात त्यानं बरं होणं नाकारलेलं नाही, नुसतं मागण्यांतून बाजूला ठेवलं आहे. काही भजनकऱ्यांना ते खटकलं. आईला बरी कर म्हणत नाही, हा कसला मुलगा, असं एकानं देवळाच्या ओट्यावर बोलूनही दाखवलं. त्या गृहस्थानं आजारी माणसाची रात्र कधी काढली नसावी.

सप्ताहाच्या तोंडावर बुवांनी अभंग ऐकला, वही मिटली आणि देवळात जाऊन फळ्यावरून शिंप्याचं नाव पुसलं. रात्री दोन ते चारला दुसऱ्याचं लिहिलं. मग त्याच फळ्याच्या खालच्या भागात खडूनं नवी रेघ ओढली आणि लिहिलं: ‘शिंप्याचं घर.’ त्यापुढे पहारे. दुपारी दोन ते चार एका शेजारीणकाकूंचा, रात्री दहा ते बारा माझा, अशी नावं. सप्ताह संपल्यावर वरचा भाग पुसला गेला, खालचा राहिला. शिंप्याला ते आधी ओशाळवाणं वाटलं. म्हणाला, “माझ्या आईचं मी करीन.” बुवा म्हणाले, “धीर मागितलास ना? मग आलाय तो दारात, आत घे की.”

काकूंना आणि मला उशा कशा लावायच्या, डाग कसा दाबून पाहायचा, हे त्यानंच शिकवलं. पहिल्याच दिवशी मी चमचा पूर्ण भरला, तेव्हा त्यानं माझा हात धरला. तो रात्री सलग चार तास झोपू लागला. ‘बाळा’ला ओ देताना त्याचा आवाज खाली आला, हे काकूंनी आधी ओळखलं.

आई त्यानंतर चार पावसाळे होती. उजवा हात शेवटपर्यंत हलला नाही, दुसरा शब्दही आला नाही. पाठीला जखम मात्र एकदाही झाली नाही.

अभंग आमच्या मंडळाच्या वहीत आहे. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला आहे त्यांनी तो खुशाल उतरून घ्यावा, आणि आधी शेजाऱ्यांपुढे पहाऱ्याचा कागद ठेवावा. मुद्रा बदलायला बुवांची परवानगी आहे. ‘शिंपी’च्या जागी कुठलंही दोन अक्षरांचं नाव बसतं.