४० टक्के कशाचे?

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत दोन-तीन वर्षांच्या अनुभवाच्या बॅकएंड डेव्हलपरची जागा निघाली, की शेकड्याने रेझ्युमे येऊन पडतात. ते ओळीने वाचायला बसलं की थोड्याच वेळात वाक्यं ओळखीची वाटू लागतात. कोणी सांगलीचा, कोणी नागपूरची, कॉलेजं वेगळी, आधीच्या नोकऱ्या वेगळ्या. पण प्रत्येकाने काहीतरी 'स्पिअरहेड' केलेलं असतं, कशाचं तरी 'ऑर्केस्ट्रेशन' केलेलं असतं, आणि एपीआयचा रिस्पॉन्स टाइम बरोबर ४० टक्क्यांनी कमी केलेला असतो. हे रेझ्युमे यंत्राकडून लिहून घेतलेत, असा संशय येतो आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण संशय कशावरून घ्यायचा आणि घेतल्यावर पुढे काय करायचं, याबद्दल निवड करणाऱ्यांमध्ये मला बरीच घाई दिसते. त्या घाईत चांगली मुलं बाहेर फेकली जातात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिली घाई शब्दांवरून होते. 'स्पिअरहेडेड' दिसलं की रेझ्युमे बाजूला, असा नियम काही जण करून टाकतात. हे शब्द यंत्राने जन्माला घातलेले नाहीत. अमेरिकी विद्यापीठांची करिअर केंद्रं कित्येक वर्षांपासून जोरकस क्रियापदांच्या याद्या विद्यार्थ्यांच्या हातात देत आली आहेत. गुगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख राहिलेले लास्लो बॉक यांनी तर वाक्याचा साचाच सांगितला: काय साधलं, ते कोणत्या आकड्याने मोजलं, आणि काय करून साधलं. आपल्याकडच्या प्लेसमेंट सेलनी तो सल्ला उचलला आणि वर्गावर्गांतून वाटला. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलं झालं, तेव्हा असे असंख्य रेझ्युमे आणि असे असंख्य सल्ले इंटरनेटवर आधीच पडलेले होते. यंत्र तेच वाचून शिकलं. 'माझा रेझ्युमे प्रभावी कर' असं सांगितलं की ते सगळ्यात संभवनीय, सगळ्यांना आवडलेलं वाक्य देतं. हजार जणांनी तेच मागितलं, तर हजार जणांना जवळपास तेच वाक्य मिळणार.

म्हणजे एकटा शब्द फार काही सांगत नाही. तो सांगतो, पण गर्दीबद्दल सांगतो. याचं एक चांगलं उदाहरण रेझ्युमेबाहेरचं आहे. दिमित्री कोबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पबमेडवरच्या दीड कोटीच्या आसपास वैद्यकीय संशोधन-सारांशांमधले शब्द मोजले. 'डेल्व्ह्ज'सारखे काही शब्द चॅटजीपीटीनंतर एकाएकी वाढलेले दिसले. त्यावरून २०२४ मधल्या किमान १३.५ टक्के सारांशांना यंत्राचा हात लागला असावा, असा अंदाज त्यांनी मांडला. मात्र अमुक एक सारांश यंत्राचा आहे, असा शिक्का त्यांनी कोणावर मारला नाही. त्यांच्या पद्धतीतून तसं म्हणताच येत नाही. ढिगाबद्दल जे खात्रीने बोलता येतं, ते त्यातल्या एका कागदाबद्दल बोलता येत नाही.

एका कागदावर शिक्का मारणारी साधनं बाजारात आहेत, पण त्यांचा इतिहास फारसा बरा नाही. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं टोफेलच्या ९१ निबंधांवर चालवून पाहिली. ते निबंध माणसांनीच, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिले होते. साधनांनी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले. मराठी माध्यमातून शिकून आलेला मुलगा मोजक्या, पाठ झालेल्या शब्दांत सरळ इंग्रजी लिहितो, आणि नेमकं तसंच लेखन या साधनांना संशयास्पद वाटतं. अशा साधनाच्या भरवशावर आपल्या मुलांचे अर्ज गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

मग हाती काय उरतं? अर्जांची एकमेकांशी तुलना. त्यासाठी यंत्र ओळखणारं दुसरं यंत्र लागत नाही. नक्कल शोधण्याची जुनी, साधी पद्धत पुरते. दोन रेझ्युमेंमधली दोन वाक्यं घेऊ. एकात आहे 'रिड्यूस्ड एपीआय रिस्पॉन्स टाइम बाय ४०% थ्रू क्वेरी ऑप्टिमायझेशन', दुसऱ्यात हेच वाक्य, फक्त आकडा ३५%. प्रत्येक वाक्यात नऊ शब्द. लागोपाठच्या तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडले तर प्रत्येक वाक्याचे सात तुकडे होतात. आकडा ज्या तुकड्यांत येतो ते तीन तुकडे जुळत नाहीत, बाकीचे चार जुळतात. दोन्ही वाक्यांचे मिळून वेगवेगळे तुकडे दहा, त्यांतले समान चार. म्हणजे साम्य ०.४. हे काही फार वाटत नाही, आणि साम्य तपासणारी साधी व्यवस्था अशी जोडी सोडून देते. आता प्रत्येक आकड्याच्या जागी एकच खूण ठेवा आणि पुन्हा मोजा. सातपैकी सात तुकडे जुळतात. वाक्य एकच होतं, आकडा तेवढा ज्याने त्याने आपल्या मनाने बसवला होता.

आकडे झाकून मग ढीग चाळायचा, ही युक्ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. खरी मोजणी आधी येते आणि वाक्य तिच्याभोवती उभं राहतं. इथे वाक्य आधी आलं आणि आकडा मागाहून. काही रेझ्युमेंमध्ये तर आकड्याच्या जागी चौकटी कंसातला एक्स तसाच राहिलेला सापडतो. यंत्राने 'इथे तुमचा आकडा घाला' म्हणून जागा सोडली होती, ती भरायची राहून गेली.

पण वाक्य जुळलं म्हणून लगेच निकाल लावता येत नाही. जुळण्याची कारणं तपासावी लागतात. दोघांनी एकाच कंपनीत, एकाच काळात, एकाच टीममध्ये काम केलं असेल, तर त्यांचं वाक्य एक असणं अगदी स्वाभाविक आहे. उलट वेगळं असतं तर मला प्रश्न पडला असता. एकाच कॉलेजची मुलं असतील तर तिथल्या प्लेसमेंट सेलने दिलेला नमुना डोकावतो. तिसरं कारण सहसा आपल्या लक्षात येत नाही, कारण ते आपल्याच घरचं असतं. उमेदवार नोकरीची जाहिरात यंत्राला देतो आणि 'याला साजेसा रेझ्युमे कर' म्हणतो. यंत्र जाहिरातीतलेच शब्द परत करतं. म्हणून मोजण्याआधी स्वतःच्या जाहिरातीतली वाक्यं वजा करावी लागतात. 'स्केलेबल सोल्यूशन्स डिलिव्हर करणारा' उमेदवार आपणच मागितलेला असतो; तो तसाच लिहून आला तर त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय ती जाहिरातही कोणीतरी यंत्राकडूनच लिहून घेतलेली असण्याचा चांगला संभव असतो. हे सगळं वजा केल्यावर ज्यांच्यात कंपनी, कॉलेज, गाव काहीच समान नाही अशांच्या रेझ्युमेंत आकडा वगळता शब्दशः तेच वाक्य उरलं, तर ते वाक्य त्यांचं नाही, असं म्हणायला जागा आहे.

एवढंच म्हणायला जागा आहे, यापुढे नाही. वाक्य त्याचं नाही म्हणजे काम त्याचं नाही, असं ठरत नाही. इथे क्रियापदाकडे पुन्हा बघायला हवं, पण वेगळ्या नजरेने: ते माणसाच्या वयाला आणि हुद्द्याला शोभतं का? दीड वर्ष नोकरी झालेला मुलगा मोनोलिथचं मायक्रोसर्व्हिसेसमध्ये स्थलांतर 'स्पिअरहेड' करत नाही. ते ठरवतो आर्किटेक्ट, मंजूर करतो मॅनेजर. मुलगा त्यातली एक सर्व्हिस वेगळी काढतो, तिच्या टेस्ट लिहितो, रिलीजच्या रात्री लॉग बघत बसतो आणि काही फाटलं तर रोलबॅक करतो. हेच काम दोन वर्षांच्या अनुभवाला साजेसं आहे आणि आम्हाला हवं असतं तेही हेच. पण बग शोधला, जुना कोड समजून घेतला, दुसऱ्याची सर्व्हिस सांभाळली, ही वाक्यं रेझ्युमेमधून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. यंत्राला ती फिकी वाटतात, म्हणून ते ती मोठी करून देतं. मुलांना वाटतं, आपलं खरं काम सांगण्याजोगं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका मुलाखतीत अशाच एका वाक्यावर मी थांबलो. मुलगी मराठी बोलणारी होती, म्हणून मराठीतच विचारलं, "हे ४० टक्के कशाचे? आधी किती होतं?"

ती गडबडली. "सर, ४० नक्की नाही सांगता येणार. पण ऑर्डरची यादी उघडायला आधी चार-पाच सेकंद लागायचे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"`EXPLAIN` लावून बघितलं. अख्खं टेबल स्कॅन होत होतं. ग्राहकाच्या आयडीवर इंडेक्सच नव्हता. तो टाकला, मग एक सेकंदाच्या आत यायला लागलं. पण ऑर्डर सेव्ह व्हायला किंचित जास्त वेळ लागू लागला, ते सीनियरनी दाखवलं."

तिच्या त्या शेवटच्या वाक्यात रेझ्युमेच्या अख्ख्या पानापेक्षा जास्त माहिती होती. इंडेक्स टाकला की वाचन वेगवान होतं आणि लेखन थोडं मंदावतं. ज्याने खरोखर हात घातला आहे त्याला ही दुसरी बाजू माहीत असते. यंत्राने लिहिलेल्या यशाला अशी दुसरी बाजू बहुधा नसते. शिवाय चार-पाच सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत, म्हणजे सुधारणा ७५ टक्क्यांहून जास्त. रेझ्युमेतला आकडा तिच्या खऱ्या कामापेक्षा लहान होता!

म्हणून जुळलेलं वाक्य मी खोडतो, माणूस खोडत नाही. ते वाक्य तिथे नाहीच असं धरून उरलेला रेझ्युमे वाचतो: कंपनी, तारखा, वापरलेली साधनं, एखादा स्वतःचा प्रकल्प. त्यावर उमेदवार पुढे जाण्याजोगा वाटला तर मुलाखतीआधी दोन प्रश्न पाठवतो. तुम्ही सुधारलेली एक गोष्ट सांगा: आधी किती होतं, नंतर किती झालं, कशाने मोजलं? आणि त्या बदलामुळे काय बिघडलं किंवा महाग पडलं? उत्तर मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, कसंही चालेल, हे स्पष्ट लिहितो. ज्यांनी काम केलेलं असतं ते बहुतेकदा चार ओळी लिहितात आणि त्यांत टेबलाचं नाव, एररचा मजकूर, कोणाला तरी रात्री केलेला फोन, असं काहीतरी असतंच.

ही पद्धत कायम चालेल असं मला वाटत नाही. हल्लीची साधनं प्रत्येकाला वाक्य थोडं फिरवून देतात; शब्द बदलतात, क्रम बदलतो, आणि तीन शब्दांचे तुकडे जुळेनासे होतात. सांगाडा मात्र अजून तोच राहतो: क्रियापद, वस्तू, टक्केवारी, साधन, आणि पानभर त्याच लांबीच्या ओळी. सांगाड्यावरून शोधायला गेलं, तर बॉक यांचा सल्ला ऐकून स्वतःच्या हाताने लिहिणाराही त्याच जाळ्यात येतो. तेव्हा यापुढे शोधण्यात घालवायचा वेळ मी कमी करत चाललो आहे, आणि त्या दोन प्रश्नांची उत्तरं वाचण्यात वाढवत चाललो आहे.