आधी मदतीची सोय, मग संमतीपत्र

शाळकरी मुलं स्वतःला इजा करून घेतात का, किती जण आणि कशापायी, हे शाळेत जाऊन विचारायचं तर संशोधकाला आधी एथिक्स कमिटीकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जात एका जागी संमतीपत्र जोडलेलं असतं आणि दुसऱ्या जागी डिस्ट्रेस प्रोटोकॉल, म्हणजे प्रश्नांमुळे एखादं मूल अस्वस्थ झालं किंवा त्याच्या जिवाला धोका दिसला तर कोणी काय करायचं याची लेखी पद्धत. ही दोन सहसा वेगवेगळी कागदपत्रं म्हणून तयार होतात. माझ्या मते तिथेच चूक होते. मूल ज्याला हो म्हणतं त्यात ‘मी खरं लिहिलं तर पुढे काय होईल’ हेही येतं, आणि त्याचं उत्तर प्रोटोकॉलमध्ये असतं. तो ठरलेला नसेल तर संमती कशाला दिली, हेच मुलाला ठाऊक नसतं.

असा अभ्यास सारंगखेड्यात आणि भोवतालच्या आश्रमशाळांत आठवी ते दहावीच्या मुलांसोबत करायचा आहे, असं धरून चालू. शहादा आणि दोंडाईचाच्या रस्त्यावर तापीकाठी असलेलं हे गाव दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी ओळखलं जातं. अर्ज लिहिणाऱ्याला मात्र इथलं दुसरं वेळापत्रक आधी ठाऊक हवं. नंदुरबार जिल्ह्यातली अनेक आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मुलं वसतिगृहात राहतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती लागते, आणि बारा वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकारही. मग काही जण सोपी वाट सुचवतात: मुलासोबत चिठ्ठी पाठवायची, आठ दिवसांत नकार आला नाही तर संमती आहे असं धरायचं. पण गुजरातेत ऊस तोडत असलेल्या बापापर्यंत ती चिठ्ठी पोचलेलीच नसते, तेव्हा त्याच्या गप्प राहण्याला होकार म्हणता येत नाही. मुख्याध्यापकांनी किंवा वसतिगृह अधीक्षकांनी त्याच्या वतीने सही करणंही तितकंच चुकीचं. शाळेची परवानगी म्हणजे शाळेत पाऊल ठेवण्याची परवानगी, बाकी काही नाही. मग पालक घरी असतानाच, म्हणजे जून ते दिवाळी या काळात, पाड्यावर जाऊन भिलीत किंवा अहिराणीत सगळं समजावून सांगायचं. अंगठा उठवणार असतील तर शाळेशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार सोबत ठेवायचा.

यावर एक गंभीर हरकत आहे. गोव्यात 16 ते 24 वयाच्या तरुणांचं सर्वेक्षण झालं होतं. त्यात घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांचा आत्महत्येच्या विचारांशी आणि प्रयत्नांशी संबंध दिसला. म्हणजे ज्या मुलाला सर्वात जास्त विचारायला हवं, त्याचाच पालक सही नाकारण्याची शक्यता जास्त. मग पालकाची संमती कमिटीकडून माफच का करून घेऊ नये? ही हरकत मला पटते, पण तिचा निष्कर्ष पटत नाही. जिवाला धोका दिसला की घरच्या कुणाला तरी सांगावं लागणारच, आणि ज्यांना कधी काही कळवलंच नाही त्यांच्या दारात अशी बातमी घेऊन जाणं मुलालाच महागात पडेल. काही मुलं गळतील आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येईल, ही किंमत मी मान्य करतो. अहवालात ती तशीच लिहावी. घरातल्या हिंसेची माहिती आधीच असलेल्या मुलांपुरती माफी मागता येईल, पण मग पालकाच्या जागी मुलाच्या बाजूने उभं राहणारं माणूस कोण, हे अर्जात नेमकं सांगावं लागेल.

दुसरी हरकत नेहमीचीच: विचारल्याने नको ते डोक्यात शिरेल. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या 2,342 विद्यार्थ्यांवर ही शंका तपासली गेली. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये निष्कर्ष छापले. आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये, न विचारलेल्यांच्या तुलनेत, ना अस्वस्थता वाढली होती ना तसे विचार. आधीच जोखमीत असलेल्या मुलांमध्येही नाही. न्यूयॉर्कवरून तापीकाठचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. त्यामुळे एका वर्गावर आधी चाचणी घ्यावी आणि कशामुळे अभ्यास थांबवू हे लिहून द्यावं. प्रश्नावलीत इजा करून घेण्याच्या प्रकारांची यादी मात्र देऊ नये. ‘स्वतःला मुद्दाम दुखापत केलीस का’ एवढं पुरतं.

आता निनावीपणाचा पेच. नाव नसेल तर मुलं मोकळेपणाने लिहितात, पण ‘काल रात्रीही तसं वाटलं’ असं लिहिणारं मूल चाळीस कागदांत हरवून जातं. इंग्लंडमध्ये कीथ हॉटन यांच्या 2002 च्या अभ्यासात 41 शाळांतल्या सुमारे सात टक्के मुलांनी वर्षभरात स्वतःला इजा केल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या जेमतेम आठातल्या एका घटनेत मूल रुग्णालयात पोचलं होतं. म्हणजे बाकीच्यांच्या बाबतीत हा कागद हीच पहिली हाक असू शकते. ती ऐकून कागद गठ्ठ्यात बांधायचा हे मला मान्य नाही. कागदावर नावाऐवजी क्रमांक असावा, क्रमांक आणि नावांची यादी फक्त समुपदेशकाकडे कुलपात असावी, आणि कागद त्याच दिवशी, मुलं शाळेत असतानाच वाचले जावेत.

इथून हिशोब सुरू होतो. सात टक्के धरले तर चाळीसच्या वर्गात तिघांशी बोलावं लागेल. पण तिघांनाच बोलावलं तर अख्ख्या वर्गाला कळेल की का बोलावलं. म्हणून आणखी तिघांना चिठ्ठी टाकून बोलवायचं. सहा मुलं, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, म्हणजे एका समुपदेशकाचा सगळा दिवस. तेव्हा एका समुपदेशकामागे दिवसाला एकच वर्ग. तोही सोमवार ते बुधवार सकाळी, कारण शनिवारी लिहिलेल्या मुलाला रविवारी कोण भेटणार? घोडेबाजाराचे आणि सुट्टीच्या आधीचे दिवसही टाळायचे. अभ्यासाचा आकार असा मदतीच्या मापाने ठरला पाहिजे. कागदाच्या तळाशी टेलिमानसचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 छापणं चांगलंच, पण वसतिगृहातल्या ज्या मुलीकडे फोन नाही तिच्यासाठी ते नुसते आकडे आहेत. अधीक्षिकेच्या खोलीबाहेर, कुणी ऐकणार नाही असा फोन तिला कधी मिळेल, हे अर्जात लिहिलं पाहिजे.

हे सगळं ठरल्यावरच मुलाच्या होकारपत्रातलं सर्वात अवघड वाक्य लिहिता येतं. ‘तुझी उत्तरं पूर्ण गुप्त राहतील’ हे लिहिणं खोटं आहे, कारण लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याऐवजी असं लिहावं: ‘तू लिहिलेलं तुझ्या सरांना, बाईंना किंवा घरच्यांना दाखवणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कुणी तुझ्या शरीराशी वाईट वागल्याचं कळलं, तर ते आमच्यापुरतं ठेवता येणार नाही. कुणाला सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलू. लिहायचं नसेल तर मागच्या पानावरचं कोडं सोडव, कुणी विचारणार नाही.’ हे वाचून एखादी मुलगी कोरा कागद देईल. तो तिचा निर्णय आहे, आणि फसवून मिळवलेल्या उत्तरापेक्षा मला तो हवा आहे. वर्गात त्या वेळी शिक्षक नसावेत, नाहीतर कोड्याचं पान ठेवून उपयोग नाही.

राहिला संशोधक निघून गेल्यानंतरचा काळ. धोका दिसलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने भेटावं लागतं. शेतीची औषधं घरात कुलपात आहेत ना, हे पालकांशी बोलावं लागतं. पालक उसाच्या फडात असतील तर ज्या नातेवाइकाकडे मूल सुट्टीला जातं त्याच्याशी. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जायचं तर गाडीचं भाडं कोण देणार आणि सोबत कोण जाणार, हेही ठरलेलं हवं. ‘आवश्यकतेनुसार मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात येईल’ या एका ओळीवर कमिटीने समाधान मानू नये. त्या तज्ज्ञांचं, आठवड्यातला कोणता वार या मुलांसाठी राखून ठेवला आहे हे सांगणारं सहीचं पत्र अर्जाला जोडलेलं नसेल, तर अर्ज परत पाठवावा.