ग्रुपमध्ये नसलेला चौथा

पुण्यात कॉलेजच्या आसपास फ्लॅट घेऊन राहणाऱ्या पोरांमध्ये वर्षाच्या मध्येच कोणीतरी निघतो. कोणाला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळते, कोणाचं घरच्यांशी बोलून वेगळं काही ठरतं. अशा वेळी ग्रुपवर एकच तोडगा फिरतो : नवा मुलगा शोध, त्याच्याकडून तुझं डिपॉझिट घे आणि मोकळा हो. घरमालकाला काही मागायचं नाही, बाकीच्यांच्या खिशाला हात लागत नाही. सगळे खूश. पण या हिशेबात हळूच कोणाचं तरी नुकसान होतं आणि ते नेमकं कोणाचं, हे तेव्हा कळत नाही. कारण तो अजून ग्रुपमध्ये आलेलाच नसतो.

कर्वेनगरमधल्या चौघांचं उदाहरण घेऊ. भाडं महिना २४,००० रुपये, डिपॉझिट ८०,०००, म्हणजे प्रत्येकाचे वीस हजार. करार अकरा महिन्यांचा, जुलै ते मे. शेवटी रंगकामाचे ११,००० कापून घेतले जातील, असं करारात लिहिलेलं. जानेवारीअखेर, सात महिने झाल्यावर, एक जण निघाला. उरलेल्यांपैकी एकाने ग्रुपवर मेसेज टाकला तो असा :

“जाणाऱ्याला वीस हजार मिळाले पाहिजेत हे बरोबर वाटतं, पण ते पैसे आता घरमालक काकांकडे आहेत आणि काका मे महिन्यात ८०,००० परत देणार नाहीत. रंगाचे ११,००० जाणारच. किचनच्या स्लायडिंगची काच ऑक्टोबरमध्ये फुटली, काचवाल्याने १,६०० सांगितलेत, तेही जाणार. म्हणजे हातात येणार ६७,४००, माणशी १६,८५०. नव्या मुलाने आज वीस हजार दिले तर तो चार महिने राहून ३,१५० गमावणार. त्यातली काच तर त्याने बघितलेलीही नाही.

म्हणून मी असं मांडतो. रंग अकरा महिन्यांत खराब होतो, म्हणजे महिन्याला हजार, माणशी अडीचशे. तू सात महिने राहिलास, तुझे १,७५०. काच चौघांच्या काळातली, तुझे ४००. दोन्ही मिळून २,१५०. ते वजा करून नव्याने तुला १७,८५० द्यायचे. मे महिन्यात त्याला १६,८५० मिळतील, त्याचे जातील बरोबर हजार, म्हणजे त्याच्या चार महिन्यांचा रंग. आपल्या तिघांचे प्रत्येकी ३,१५० जातील, कारण आपण पूर्ण अकरा महिने इथे आहोत आणि काचही आपल्याच काळात फुटली. बेरीज करून बघा, १२,६०० जुळतात.”

बेरीज खरंच जुळते. या मेसेजमधली मोठी गोष्ट म्हणजे पैसे कोणत्या तारखेचे, हा प्रश्न. जाणाऱ्याच्या हातात वीस हजार रुपये नसतातच. त्याच्याकडे असतो फक्त घरमालकाकडून मेमध्ये काहीतरी परत मिळण्याचा हक्क. नवा मुलगा तो हक्क विकत घेतो. मग मागच्या सात महिन्यांची झीज त्याच्या किमतीतून वजा व्हायलाच हवी. हे एकदा मान्य केलं की भांडणाला जागा फार उरत नाही, राहतो तो साधा गुणाकार.

मेसेजच्या पुढच्या भागात मात्र गुणाकार चालत नाही. मार्चमध्ये बाथरूमचा नळ गळायला लागला आणि तो जुनाच बिघाड निघाला तर? जाणाऱ्याचे हजारभर रुपये मेपर्यंत अडकवून ठेवावेत, असं एकाने सुचवलं. मेसेज लिहिणाऱ्याने ते नाकारलं. त्याचं म्हणणं असं की, दुसऱ्या शहरात गेलेल्या मित्राला चार महिन्यांनी तीनशे रुपयांसाठी फोन करायचा, त्यात मैत्रीही जाते आणि पैसेही मिळत नाहीत. त्याऐवजी चावी देण्याच्या दिवशी चौघांनी नव्या मुलासोबत घरातून एक फेरी मारायची. भिंती, कपाटांची दारं, गीझर, फ्लश, गॅसची शेगडी, सगळ्याचे फोटो काढायचे, दिसेल ते लिहायचं, विजेच्या मीटरचं रीडिंग टिपायचं. त्यात जे सापडेल ते जाणाऱ्याच्या हिश्शातून कापायचं. नंतर सापडेल ते घरात राहणाऱ्यांनी वाटून घ्यायचं. यात थोडा अन्याय होऊ शकतो हे खरं. पण तो कुठे संपतो, ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

दुसरा अवघड प्रश्न होता, नवा मुलगा मिळाला नाही तर त्या जागेचं महिन्याचं सहा हजार भाडं कोणी भरायचं? नोटीस एक महिन्याची, म्हणजे फेब्रुवारीचं भाडं जाणाऱ्याचं, यावर वाद नव्हता. तरी मेसेजमध्ये एक वाक्य वेगळं होतं : “तू आणलेला पहिला मुलगा आपल्याला जमला नाही तर ठीक. पण दुसऱ्यालाही आपण नुसतं ‘वाटत नाही रे’ म्हणून परत पाठवलं, तर त्यानंतरचं रिकाम्या जागेचं भाडं आपण तिघे भरू.” कोणासोबत राहायचं हे ठरवण्याचा हक्क राहणाऱ्यांचाच असतो. मात्र त्या आवडीनिवडीचं बिल गेलेल्याच्या नावावर फाडता येत नाही.

शेवटी कागद. एवढा चोख हिशेब केला तरी घरमालकाच्या लेखी चौथा माणूस जुनाच असतो. करारात त्याचं नाव, डिपॉझिटही त्याच्या खात्यातून गेलेलं. नव्याने मित्राला १७,८५० दिले म्हणून घरमालक नव्याचं काही देणं लागत नाही. उद्या काकांनी ते पैसे जुन्या खात्यात टाकले तर नव्याने कोणाकडे बघायचं? म्हणून आधी काकांकडून लेखी घ्यायचं, की हा गेला, हा आला, याचा हिस्सा आता त्याचा. मग नव्या नावाने उरलेल्या महिन्यांचा करार करायचा, रंगाची अट आणि डिपॉझिट तेच पुढे चालू ठेवायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं घरमालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे काकांनाही टाळाटाळ परवडणारी नाही. बदल जाणाऱ्यामुळे होतोय, म्हणून नोंदणीचा खर्च त्याने उचलावा, असं मेसेजमध्ये होतं. तो खर्च जाणाऱ्याला जास्त वाटला आणि अर्धा चौघांत वाटला गेला, तरी चालण्यासारखं आहे. त्यावर एकच एक बरोबर उत्तर नाही.

मेसेजची शेवटची ओळ अशी : “नवा कोणी ठरला की हाच मेसेज त्याला फॉरवर्ड करणार आहे. त्याला दाखवता येणार नाही असं यात काही असेल तर आत्ताच बोला.”

मित्रांमित्रांतले व्यवहार बहुतेक वेळा समोर बसलेल्यांच्या समाधानावर ठरतात आणि तिथे हजर नसलेला माणूस त्याचे पैसे भरतो. तो आक्षेप घेत नाही, कारण त्याला ठाऊकच नसतं. जो व्यवहार उद्या येणाऱ्यालाही जसाच्या तसा वाचून दाखवता येईल, तोच आज आपापसात ठरवावा.